मदत हवी आहे: पीएस५ वर मुलाला माझे गेम द्यायचेत, पण अकाउंट नाही

घरात एकच पीएस५ आहे आणि सगळे गेम माझ्या अकाउंटवर घेतलेले. लेक सरळ माझ्याच प्रोफाइलमधून खेळतो. त्यामुळे माझ्या सेव्हवर त्याचे सेव्ह चढतात आणि स्टोअरही त्याच्यासमोर उघडंच असतं.

आता त्याला फॅमिलीत चाइल्ड अकाउंट काढून दिलंय. माझ्या अकाउंटवर Console Sharing and Offline Play चालू असल्याने डाउनलोड केलेले गेम त्याच्या प्रोफाइलमधूनही उघडतात, मी लॉगिन नसलो तरी. माझ्या प्रोफाइलला चार आकडी पासकोड लावला, खरेदीच्या वेळी पासवर्ड मागायची सेटिंगही चालू केली. इथवर झकास.

घोडं अडलंय ते वयोमर्यादेवर. त्याच्या वयाची पातळी ठेवली की त्याचा लाडका रेसिंग गेमच कुलूपबंद! पातळी वाढवावी तर माझे मारधाडीचे गेमही मोकळे होतात. त्याच्याकडून विनंती पाठवून फक्त त्या एका गेमला परवानगी देता येते म्हणे. कोणी वापरलंय का हे? परवानगी एकदा दिली की कायम राहते का, आणि नंतर काढून घ्यायची तर कुठून?

आणखी एक, माझ्या अकाउंटवर विकत घेतलेली गेममधली नाणी त्याला दिसत नाहीत. ती अकाउंटलाच बांधलेली असतात ना?