मदत हवी आहे: मीडिया किट पाठवून राहिलो, एकाही ब्रँडचं उत्तर नाही

पोह्याची_प्लेट
इन्स्टाग्रामवर खाण्याचे रील टाकतो. मीडिया किट, म्हणजे ब्रँडला दाखवायची आपली ओळख आणि आकडे, बनवलं, १४ ब्रँडना पाठवलं. बारा जणांनी उघडून पाहिलं नाही की काय माहीत नाही, दोघांनी फक्त "ओके" लिहिलं. किटमध्ये नेमकं काय पाहिजे? कोणाकडे चांगला नमुना असेल तर टाका. रविवारपर्यंत एका मसालेवाल्याला पाठवायचं आहे, म्हणून जरा लवकर सांगा.

मिहानकर
भाऊ, फॉलोअर किती? किट किती पानांचं? ईमेलने पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर? हे न सांगता "काय पाहिजे" विचारशील तर कोणी काय सांगणार?

टेम्प्लेट_ताई
कॅनव्हावर "मीडिया किट" शोधा, तयार टेम्प्लेट मिळतात. १० ते १२ पानं ठेवा: ओळख, प्रवास, व्हिजन, आकडे, फोटो, आधीचे ब्रँड, दर, संपर्क. रंग दोनच वापरा. एवढं केलं की काम झालं.

रिंगलाईट_वाला
आधी प्रकाश सुधारा. १८ इंची रिंगलाईट घ्या आणि ताटाच्या डोक्यावर न लावता बाजूने लावा, म्हणजे तर्रीवर पांढरा गोल चमकणार नाही.

मिहानकर
त्याने लाईट विचारलाच नाही ना, भाऊ.

पोह्याची_प्लेट
फॉलोअर ११,४००. किट १२ पानांचं, कॅनव्हाचंच टेम्प्लेट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ४८ एमबी झालं होतं. सरासरी व्ह्यू २१ हजार आहेत, म्हणजे आकडे कमजोर नाहीत. म्हणूनच समजत नाही.

शंकरनगर_चौक
११,४०० फॉलोअरवर सरासरी २१ हजार? मागच्या १२ रीलचे व्ह्यू जसेच्या तसे इथे टाका. आठवड्यापेक्षा जुने रील घ्या, परवा टाकलेल्याचे अजून वाढत असतात.

पोह्याची_प्लेट
२,१०० / ३,४०० / २,८०० / ४,८०० / २,१४,००० / ३,१०० / २,३०० / ६,१०० / ३,९०० / २,६०० / ४,२०० / ३,६००. एकूण २,५२,९००, भागिले १२ म्हणजे २१,०७५. हिशोब बरोबर आहे.

शंकरनगर_चौक
भागाकार बरोबर आहे, चित्र चुकीचं आहे. ब्रँडवाला किट वाचून थांबत नाही, लगेच तुमच्या प्रोफाइलवर जातो. तिथे प्रत्येक रीलवर व्ह्यूचा आकडा छापलेलाच असतो. किटमध्ये २१ हजार आणि समोर दोन-तीन-चार हजारांची रांग दिसली की त्याला वाटतं, हा फुगवून सांगतो. मग बाकीची अकरा पानं कोण पाहतो?

बाराही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मधले दोन येतात ३,४०० आणि ३,६००, म्हणजे मधला आकडा ३,५००. हाच लिहा. पुढचं रील किती चालेल असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर ३,५०० च्या आसपास, २१ हजार नाही. २,१४,००० वालं लपवू नका, "सर्वांत जास्त" म्हणून वेगळं दाखवा. ते कशाचं होतं?

पोह्याची_प्लेट
कुकरच्या शिट्टीतून वरणाचं पाणी काहून उडतं, त्यावर. हिंदीत होतं. बाकी सगळे मराठीत, सावजी, पाटवड्या, गोळाभात असे. आणि एक लिहायचं राहिलं होतं: त्या दोघांतल्या एकाने "ओके" नंतर लिहिलं होतं की "व्ह्यू तर तीनच हजार दिसून राहिले". मला वाटलं त्याने नीट पाहिलं नाही.

मिहानकर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं, बापा!

टेम्प्लेट_ताई
मधला आकडा ब्रँडला समजत नाही. सगळे सरासरीच लिहितात. खरा आकडा एंगेजमेंट रेट असतो, तो द्या: लाइक आणि कमेंट भागिले फॉलोअर.

शंकरनगर_चौक
ताई, "मधला आकडा" असं लिहू नका, "नेहमीच्या रीलला साधारण ३,५०० व्ह्यू" असं लिहा, दुकानदारालाही कळतं. एंगेजमेंट द्या हे बरोबर, पण सेव्ह आणि शेअर का सोडले? पाककृती लोक नंतर करून पाहायला सेव्ह करतात, मसालेवाल्याला तेच हवं. आणि कशाने भागलं हे आकड्याशेजारी लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पोहेवाले, ३,६०० वाल्या रीलचे चारही आकडे टाका.

पोह्याची_प्लेट
लाइक १६०, कमेंट २२, सेव्ह ५८, शेअर ६०.

शंकरनगर_चौक
बेरीज ३००. व्ह्यूने भागलं तर ८.३ टक्के, फॉलोअरने भागलं तर २.६ टक्के. रील तेच, आकडा तिपटीहून मोठा. दोन्ही चालतात, पण एकाने व्ह्यूचा लिहिला आणि दुसऱ्याने फॉलोअरचा, तर तुलना करणारा फसतो आणि नंतर तुमच्यावरच चिडतो. मी सरळ असं लिहीन: "दर १०० व्ह्यूमागे ८ प्रतिसाद, त्यांत सेव्ह आणि शेअर मिळून ३." टक्क्यांचा वादच मिटतो.

टेम्प्लेट_ताई
एजन्सीवाले फॉलोअरनेच भागतात. तुमचा ८ पाहून ते त्यांच्या पद्धतीने काढतील आणि २.६ आला की परत "फुगवलं" म्हणतील. तुम्हीच म्हणताय ना तसं.

शंकरनगर_चौक
एजन्सीला पाठवत असाल तर दोन्ही लिहा, हे मान्य. इथे समोर मसाल्याच्या धंद्याचा मालक आहे.

गोकुळपेठ_कट्टा
माझं यूट्यूब चॅनल आहे, ९०० सबस्क्रायबर, तबल्याचे धडे. मला मीडिया किट लागेल का? तबला बनवणारे पैसे देतात का?

मिहानकर
वेगळा धागा काढा हो. पोहेवाले, मसालेवाला नागपूरचाच का? माल कुठे विकतो?

पोह्याची_प्लेट
हो, नागपूरचाच. सावजी मसाल्याची पाकिटं, किराणा दुकानांत आणि फोनवर ऑर्डर घेतो. बाहेर पाठवत नाही.

शंकरनगर_चौक
मग त्याच्यासाठी ११,४०० हा आकडाच दुय्यम आहे. इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये फॉलोअरच्या खाली शहरं दिसतात. नागपूर किती टक्के?

पोह्याची_प्लेट
३८. मग पुणे, इंदूर, लखनौ. कुकरच्या रीलनंतर लखनौ आलं.

शंकरनगर_चौक
११,४०० चे ३८ टक्के म्हणजे साधारण ४,३००. मसालेवाल्याच्या किटमध्ये हाच आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरात पाहिजे: "नागपुरात राहणारे ४,३०० फॉलोअर". लखनौचा माणूस त्याचं पाकीट विकत घेऊच शकत नाही, म्हणून २,१४,००० ची त्याला किंमत नाही. उलट देशभर कुकर विकणाऱ्या कंपनीला पाठवाल तेव्हा तेच रील पहिल्या पानावर घ्या आणि नागपूर खाली. किट एकच, पण पहिलं पान समोरच्याप्रमाणे बदलायचं. इन्साइट्सचा स्क्रीनशॉट दिवसांची मुदत दिसेल असा घ्या, मागचे ३० किंवा ९० दिवस, आणि खाली महिना लिहा. तारीख नसलेला स्क्रीनशॉट कधीचाही असू शकतो, आणि पाहणारा तो जुनाच धरतो.

मिहानकर
पानांचंही बोला. १२ पानं, ४८ एमबी, मालक फोनवर पाहणार. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ४८ एमबी कोण उतरवेल? व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफच्या पहिल्या पानाची छोटी झलक दिसते, निर्णय तिथेच होतो. तुमच्या पहिल्या पानावर काय आहे?

पोह्याची_प्लेट
माझा फोटो आणि "स्वाद, संस्कृती, संवाद".

मिहानकर
झालं मग. तीन पानं करा, उभी, फोनच्या आकाराची. आडवं पान फोनवर बोटांनी मोठं करून वाचावं लागतं. कॅनव्हातून उतरवताना `PDF Print` नको, `PDF Standard` निवडा. फोटो आधी लहान करून घ्या, ५ एमबीच्या आत यायला पाहिजे. फाइलचं नाव "फायनल-२" नको, हँडल आणि महिना. आणि लिंका स्वतःच्या फोनवर दाबून पाहा. लिंकचा फोटो टाकला असेल तर दाबून काही होत नाही.

शंकरनगर_चौक
"आधीचे ब्रँड" या पानावर काय टाकलं आहे?

पोह्याची_प्लेट
सहा हॉटेलांचे लोगो. तिथे जाऊन रील केले होते.

शंकरनगर_चौक
त्यांनी पैसे किंवा जेवण दिलं होतं?

पोह्याची_प्लेट
नाही. मीच बिल भरलं.

शंकरनगर_चौक
मग ते लोगो आजच काढा. नागपुरातल्या नागपुरात मसालेवाला यांतल्या एखाद्याला फोन लावेल आणि तो म्हणेल, "कोण? आम्ही तर ओळखत नाही." त्याजागी तीन रील ठेवा, प्रत्येकाखाली एक ओळ: "स्वतःहून केलेलं, पाटवडी रस्सा, ५८ सेव्ह". पैसे घेऊन केलेलं काम नसलं तर नसलं. उद्या सशुल्क काम झालं की त्या रीलवर जाहिरात असल्याची खूण असू द्या. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे नियम २०२१ पासून ते मागतात, आणि बदल्यात फुकट वस्तू मिळाली तरी लागू होतात.

गोकुळपेठ_कट्टा
फुकट वस्तूवरून आठवलं, मिक्सर दिला तर टॅक्स लागतो म्हणतात?

टेम्प्लेट_ताई
वर्षभरात एकाच कंपनीकडून २० हजारांवरच्या वस्तू ठेवून घेतल्या तर १० टक्के टीडीएस येतो. वस्तू परत केली तर नाही. मिक्सरला बहुतेक लागणार नाही. पण इथे मुद्दा दराचा आहे. पोहेवाले, दर किटमध्येच टाका. नागपूरचा दुकानदार पहिला प्रश्न "कितीत?" हाच करतो.

मिहानकर
टाकू नका. पीडीएफ पुढे पुढे फिरते. सहा महिन्यांनी कोणीतरी जुना दर घेऊन येतो. आणि एका रीलचा दर लिहिला की तेच रील तो स्वतःच्या जाहिरातीत तीन महिने चालवेल आणि म्हणेल, दर तर दिला होता. वापराची मुदत, दुसऱ्या मसाल्याचं काम किती दिवस घ्यायचं नाही, हे ठरल्याशिवाय दर कशाचा?

टेम्प्लेट_ताई
मग तो विचारेल, तुम्ही "बोलू" म्हणाल, आणि तो दुसऱ्याकडे जाईल.

शंकरनगर_चौक
दोघांचंही पटतं. मी "एका रीलपासून पुढे, इतके रुपये, फक्त माझ्या पानावर" एवढीच एक ओळ टाकीन, बाकीचं फोनवर. पण ती ओळ टाकावी की नाही, यावर माझंही नेहमी एकच मत नसतं.

पोह्याची_प्लेट
पहिलं पान असं केलं, सांगा:

"नागपूरच्या घरच्या स्वयंपाकाचे रील, आठवड्याला ३
नागपुरात राहणारे फॉलोअर ४,३०० (एकूण ११,४००)
नेहमीच्या रीलला साधारण ३,५०० व्ह्यू
दर १०० व्ह्यूमागे ८ प्रतिसाद
तुमच्या मसाल्याची पाटवडी: एक रील, दोन स्टोरी"

फोटो कोपऱ्यात लहान केला. १.८ एमबी झालं.

शंकरनगर_चौक
ती ८ वाली ओळ एकाच रीलवरून आली आहे. बाराही रीलचं तसंच काढा आणि परत मधलं घ्या. कुकरवालं त्यात राहू द्या, मधल्याला फारसा फरक पडत नाही.

पोह्याची_प्लेट
काढलं. ७ आलं.

शंकरनगर_चौक
मग ७ लिहा.

रिंगलाईट_वाला
कोपऱ्यातला फोटो तरी बाजूच्या प्रकाशात काढा.