चढावरचा ट्रक: ‘कमाल स्थिर वेग’ म्हणावे की आणखी काही?

पाटीखडू

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला विज्ञान इंग्रजीतून घेणाऱ्या मुलांसाठी मी भौतिकशास्त्राची उदाहरणे मराठीत लिहून देते. त्यांतल्या एका उदाहरणाच्या शब्दांवर मला आपले मत हवे आहे. उदाहरण असे आहे: १६ टन वस्तुमानाचा ट्रक विसाला एक अशा सरळ चढावर चढत आहे, इंजिनाकडून चाकांना सतत १०० किलोवॅट शक्ती मिळते, आणि रस्ता व हवा यांचा मिळून रोध २,००० न्यूटन आहे, तर ट्रकचा कमाल स्थिर वेग काढा.

वर्गात दोन गोष्टी घडल्या. एका मुलीने विचारले, “बाई, स्थिर म्हणजे थांबलेला ना? मग वेग शून्यच की.” दुसऱ्या मुलाने वहीत १,००,००० मधून १०,००० वजा केले आणि खाली लिहिले, ‘९०,००० शक्ती उरते, म्हणून ट्रकचा वेग वाढतच राहील.’ बेरीज-वजाबाकी त्याची अचूक होती, चढाचा वाटाही त्याने बरोबर काढला होता. तरीही त्याने शक्तीतून बल वजा केले. ही चूक त्याची म्हणावी की मी वापरलेल्या शब्दांची, हे मला ठरवता येत नाही.

घाटवाट

ताई, कमाल वेग घाटाच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेला असतो, तो गणिताने काढण्याचे कारण मला समजले नाही. मी बारा वर्षे भरलेला ट्रक कसारा घाटातून वर नेत आहे. चढ लागला आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये ओढेनाशी झाली की मी तिसरा टाकतो, म्हणजे शक्ती वाढते आणि गाडी पुन्हा चालू लागते. तेव्हा शक्ती कायम आहे असे जे उदाहरणात लिहिले आहे, ते आमच्या अनुभवाला धरून नाही.

शब्दवेल्हाळ

घाटवाट, येथे पाटीवरच्या वेगमर्यादेचा प्रश्न नाही. ती मर्यादा शासन घालते. येथे विचारलेली मर्यादा चढ आणि इंजिन मिळून घालतात. मात्र ‘कमाल’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, आणि आपला घोटाळा तिथूनच झाला.

‘स्थिर’ या शब्दाची अडचण खरी आहे. ‘स्थिर वस्तू’ म्हटले की मराठीत ती हलत नाही असाच अर्थ होतो, पण ‘भाव स्थिर आहेत’ म्हटले की ते बदलत नाहीत असा होतो. म्हणून पाठ्यपुस्तकातला ‘एकसमान’ हा शब्द घ्यावा असे मला वाटते. किंवा सरळ ‘अंतिम वेग’ म्हणावे, कारण ट्रक शेवटी त्याच वेगाला येऊन ठरतो. शक्ती कायम असल्यामुळे इंजिनाची ओढही कायम राहते, आणि रोधाशी तिची बरोबरी झाली की वेग वाढणे थांबते. म्हणून तो अंतिम.

लोहमार्ग

शब्दवेल्हाळ, आपल्या उत्तराचा पूर्वार्ध मला पटला. उत्तरार्धात मात्र त्या मुलाचीच चूक वेगळ्या रूपाने आली आहे. शक्ती कायम असली तर ओढ कायम राहत नाही, वेग वाढेल तशी ती घटत जाते. ओढ कायम असती तर या उदाहरणाला उत्तरच नसते, कारण रोधही कायम धरलेला आहे: ओढ जास्त असेल तर ट्रक वेग घेतच जाईल, आणि कमी असेल तर थांबेल.

आकडे घालून पाहू. गुरुत्वीय त्वरण १० धरले तर ट्रकचे वजन १,६०,००० न्यूटन होते आणि विसाला एक चढावर त्याचा विसावा भाग, म्हणजे ८,००० न्यूटन, ट्रकला मागे खेचतो. त्यात २,००० मिळवले की १०,००० न्यूटन झाले. हे आपले देणे, आणि ते कोणत्याही वेगाला तेवढेच आहे. आता ओढ म्हणजे शक्तीला वेगाने भागून येणारी संख्या. ट्रक सेकंदाला ५ मीटरने जात असेल तर ओढ २०,००० न्यूटन आहे, देणे भागून १०,००० उरतात आणि ट्रक चांगला वेग घेतो. सेकंदाला ८ मीटरला ओढ १२,५०० वर येते, उरतात २,५००, आणि वेग वाढण्याचा जोर चौथाईवर येतो. सेकंदाला १० मीटरला, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरला, ओढ आणि देणे बरोबर जुळतात आणि वाढ संपते. या वेळी इंजिन अजिबात थकलेले नसते. ते पूर्ण १०० किलोवॅट देत असते आणि ते सगळे चढ व रोध यांच्यावर खर्च होत असते.

आता ‘कमाल’ या शब्दाबद्दल. हाच ट्रक सपाटीवरून ताशी ४५ किलोमीटरने येऊन चढाला लागला, तर चढाच्या पायथ्याशी त्याचा वेग ‘कमाल’ वेगाहून जास्त असेल. त्या वेगाला ओढ ८,००० न्यूटनच भरते, २,००० कमी पडतात, आणि ट्रक हळूहळू मंदावत ३६ वर येऊन ठरतो. खालून वर येणारा आणि वरून खाली येणारा असे दोन्ही वेग जिथे येऊन मिळतात, त्याला कमाल म्हणणे अपुरे आहे. रेल्वेत आम्ही त्याला बॅलन्सिंग स्पीड म्हणत आलो. मराठीत ‘समतोल वेग’ म्हटले तर कारण शब्दातच दिसते.

‘अंतिम वेग’ मात्र नको. गतीच्या समीकरणांत ठरावीक काळाच्या शेवटी असलेल्या वेगाला पाठ्यपुस्तक अंतिम वेग म्हणते, आणि तो कितीही असू शकतो. मुलगा लगेच सुरुवातीचा वेग आणि त्वरण शोधू लागेल.

पाटीखडू

लोहमार्ग काका, वरून खाली येणाऱ्या वेगाचा विचार मी केलाच नव्हता, आणि मुलांना हे उलट बाजूने दाखवले तर अधिक लवकर कळेल असे वाटते. ‘शक्ती’ या शब्दाचे काय करावे, हा माझा प्रश्न मात्र तसाच आहे.

शब्दवेल्हाळ

माझी चूक मान्य आहे, आणि ती कुठून आली तेही आता दिसते. बोलीत ‘शक्ती’ आणि ‘बल’ यांत भेद नाही. ‘त्याच्या अंगात शक्ती आहे’ म्हणताना तो किती जड ओझे उचलेल एवढेच आपण पाहतो. किती वेळात उचलेल हे कोणी पाहत नाही. ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’ असे आपण सर्रास बोलतो, वास्तविक तिथे बल असते. याउलट ‘अश्वशक्ती’ मात्र शास्त्रातल्या अर्थाने खरी शक्ती आहे, ७४६ वॅटची. आणि सर्वांत घातक ‘ओढशक्ती’, कारण त्या शब्दातली ओढ बलाची आहे आणि शक्ती वेगळ्याच राशीची. आपल्या विद्यार्थ्याने ९०,००० पुढे एकक लिहिले नाही, ‘शक्ती’ एवढेच लिहिले, हे मला महत्त्वाचे वाटते. एकक लिहायला लावले असते तर वॅटमधून न्यूटन वजा होत नाहीत हे त्याला तिथेच अडखळून कळले असते.

घाटवाट

म्हणजे तिसरा गिअर टाकल्यावर माझ्या ट्रकची वाढते ती ओढ, शक्ती नव्हे, असे समजायचे का? मग चौथ्यात गाडीचा जीव का जातो आणि तिसऱ्यात का येतो?

लोहमार्ग

आपण जे अनुभवता त्यात तथ्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गिअर स्वतः शक्ती निर्माण करत नाही. तो चाकाचा वेग कमी करून त्या प्रमाणात ओढ वाढवतो. परंतु चौथ्या गिअरमध्ये चढावर गाडी मंदावते तेव्हा इंजिनाचे फेरेही घटतात, आणि कमी फेऱ्यांना इंजिन आपली पूर्ण शक्ती देऊ शकत नाही. तिसरा टाकला की फेरे वर येतात आणि गेलेली शक्ती परत मिळते. तेव्हा आपल्या ट्रकची शक्ती काही अंशी खरोखरच वाढते, पण ती गिअरने दिलेली नसून इंजिन योग्य फेऱ्यांवर आल्यामुळे मिळालेली असते. उदाहरणातल्या ‘सतत १०० किलोवॅट’ या शब्दांत चालक प्रत्येक वेळी योग्य गिअर टाकतो असे गृहीत आहे.

या गृहीताला खालच्या बाजूनेही हद्द आहे. वेग शून्याजवळ नेला की भागाकाराने ओढ अमर्याद येते, आणि तसे कधी होत नाही. रेल्वेत ही गोष्ट डोळ्यांना दिसते. कर्जत ते लोणावळा या घाटात ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे चढासाठीच दर टनामागे २७ किलो ओढ लागते. जड गाडी तिथे उभी राहिली आणि पुन्हा सुरू करताना इंजिनाने जास्त ओढ घेतली की चाके जागच्या जागी गरगरा फिरू लागतात. रुळांवर वाळू सोडावी लागते. त्या क्षणी मर्यादा शक्तीची नसते, चाक आणि रूळ यांच्या पकडीची असते. म्हणून घाटात गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात: त्यांनी शक्ती वाढते, आणि पकड धरणारी चाकेही वाढतात.

विसातएक

मी बराच वेळ वाचत होतो, एक शंका लिहितो. याच ट्रकला सपाट रस्त्यावर सोडले तर उत्तर काय? १,००,००० भागिले २,०००, म्हणजे सेकंदाला ५० मीटर, ताशी १८० किलोमीटर. भरलेला ट्रक असा धावताना कोणी पाहिलेला नाही. मग चढावरचे ३६ तरी खरे कशावरून?

लोहमार्ग

हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि उदाहरणात तो कायम धरला आहे, ही त्याची उणीव. रस्त्याचा रोध १,६०० न्यूटन, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या चौपट असे धरून पाहा. सेकंदाला १० मीटरला हवेचे ४०० होतात, बेरीज तीच २,०००, आणि ३६ चे उत्तर जागेवर राहते. सपाटीवर मात्र आकडेमोड ताशी १८० वर न जाता सुमारे ८९ वर येऊन थांबते. चढावर ८,००० न्यूटन वजनाचेच असल्यामुळे रोधातला थोडा फरक उत्तराला फारसा हलवत नाही. सपाटीवर सगळे देणे रोधाचेच असते, म्हणून तिथे तो कायम धरता येत नाही.

पाटीखडू

सर्वांची आभारी आहे. मी शेवटचे वाक्य असे बदलले आहे: ‘या चढावर ट्रकला जास्तीत जास्त किती वेग सतत टिकवता येईल?’ नामाऐवजी क्रियापद घेतल्यावर ‘स्थिर’ची गरज उरली नाही. ‘समतोल वेग’ मी उत्तराच्या स्पष्टीकरणात वापरेन. प्रश्नात वापरला तर अर्धे उत्तर प्रश्नातच सांगितल्यासारखे होईल. ‘शक्ती’ बदलता येणार नाही, पण प्रत्येक ओळीत एकक लिहायला लावेन.

शब्दवेल्हाळ

वाक्य सुरेख झाले आहे. तरी ‘एकसमान’चा माझा आग्रह मी सोडलेला नाही, कारण परीक्षेत मुलांना तोच शब्द भेटेल.

लोहमार्ग

एक गोष्ट राहिली. ‘रोध’ म्हणताना आपण वजनाचा वाटा बाहेर ठेवला आहे, पण आम्ही रेल्वेतले लोक त्यालाही चढाचा रोधच म्हणतो आणि सगळे एकत्र मोजतो. ‘एकूण रोध १०,००० न्यूटन’ असे लिहिलेले उदाहरण मुलांपुढे आले तर ती चढाचे ८,००० त्यात पुन्हा मिळवतील आणि उत्तर ताशी २० किलोमीटर येईल. या दोन रोधांना मराठीत वेगवेगळी नावे असावीत असे मला वाटते, पण ‘चढाचा भार’ हा शब्द सुचतो तोच ‘भार’ विजेतही आहे हे आठवते.