संकष्टी नवऱ्याची, मोदक मात्र माझे?

सोऱ्या_चकली: नवरा दर संकष्टीला उपास धरतो. मी देव मानते, पण उपास माझ्याने होत नाही. तरी सकाळची खिचडी, संध्याकाळची उकड, 11 मोदक, सगळं माझ्याच गळ्यात. या वेळी म्हटलं मोदक तू कर, तर म्हणे घरच्या बाईचा हात लागल्याशिवाय कसला नैवेद्य! तीन दिवस धुसफूस चालू आहे. माझं चुकतंय का?

आजोळची: अगं महिन्यातून एक दिवस तर असतो. दिवसभर उपाशी माणूस ऑफिसातून आठला येणार, चंद्रोदय नऊ-साडेनऊचा, तो उकड काढणार कधी? आणि एकदा धरलेलं व्रत सोडता येत नाही.

जुना_पंचांगवाला: सोडता येतं की, उद्यापन असतंच त्याला. आणि कुळाचार वेगळा, व्रत वेगळं. गौरी-गणपती, नवरात्रातला घट हे घराचं, त्यात दोघांनी हात लावावा. संकष्टी ज्याने संकल्प केला त्याची. बायकोच्या हातचाच नैवेद्य हवा असा नियम मी तरी कुठे ऐकला नाही, आमच्याकडे आई आजारी असायची तेव्हा वडील दूर्वा, जास्वंद वाहून गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवायचे आणि मग वरणभातावर उपास सोडायचे.

भगर_आमटी: म्हणजे नवऱ्याचा उपास बंदच करायचाय तुम्हाला? श्रद्धेच्या आड कशाला येता?

सोऱ्या_चकली: बंद कुठे म्हटलं काका, खुशाल करू दे. साबुदाणा तेवढा रात्री स्वतः भिजवावा.

गॅलरीतला_तवा: आमच्यात उलटं आहे. बायको श्रावण कडक पाळते, मला रविवारी आम्लेट लागतं. पहिल्या वर्षी तिच्या धिरड्याच्या तव्यावर केलं आणि चार दिवस घरात शांतता. आता गॅलरीत इंडक्शन आणि माझा वेगळा तवा, सोमवारी मात्र मी स्वतःहून नाही करत. पण सासरची माणसं आली की तवा लपवावा लागतो, ते काही अजून सुटलेलं नाही.

आजोळची: तवा वेगळा करणं सोपं हो, पण सणावाराला घरात एक शाकाहारी आणि एक आम्लेटवाला, मुलांनी काय बघायचं?

गॅलरीतला_तवा: मुलगी दोन्हीकडे जेवते.

सोऱ्या_चकली: अपडेट. काल केले त्याने मोदक. पाणी नीट उकळायच्या आधीच पिठी ओतली, गुठळ्या झाल्या, मळताना पाण्याचा हातही लावला नाही त्यामुळे कळ्या पाडताना पारी फाटत होती, 11 पैकी 5 उभे राहिले आणि बाकीच्यांचं सारण चाळणीत. मी ओट्याशी गेले नाही, फार जड गेलं पण नाही गेले. ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही, कॅलेंडरातली वेळ बघून उपास सोडला. जेवताना एक शब्द बोलला नाही, चाळणी मात्र घासून ठेवली. पुढची अंगारकी आहे, सासूबाई येतायत आणि 21 लागतील म्हणाल्यात.