टॅरोमधला उलटा फोर ऑफ वाँड्स

>> "वास्तुशांतीसाठी पत्तं काढलं, फोर ऑफ वाँड्स उलटं आलं. कार्यात विघ्न येणार का?"

नाही. वर सगळ्यांनी 'उलटं म्हणजे घरात कलह' असं ठोकून दिलंय, ते मला पटत नाही. या चित्राचा संच 1909 चा, आणि त्याची चित्रं काढून घेणाऱ्या लेखक आर्थर वेटनेच या पत्त्याबद्दल लिहिलंय की उलटं आलं तरी अर्थ तोच राहतो. चित्र नीट बघा: चार काठ्या, वर फुलापानांची माळ, मागे वाडा. म्हणजे आपला मांडवच की! पण छप्पर नाही, आणि माणसं वाड्याच्या बाहेर आहेत. पत्ता समारंभाबद्दल बोलतो, आतल्या मानापमानाबद्दल नाही.

आमच्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीला हेच आलं होतं, सुलटं, पण शेजारी भांडणाचा पत्ता, फाइव्ह ऑफ वाँड्स. पूजा छान झाली. पूजेला थोरल्या दिरांनी बसायचं की घरमालक जोडप्याने, यावर मात्र आदल्या रात्री अकरापर्यंत वाद! म्हणून मी आता दुसरा पत्ता काढते, 'कुठे अडेल?' एवढंच विचारून. तुमच्या शेजारी काय आलं होतं?