मदत हवी आहे: जाहिरातीचा क्लिक रेट दुप्पट झाला, तरी दर ऑर्डरीमागचा खर्च वाढला

देवगडची_बाग

नमस्कार. आमची देवगडला हापूसची बाग आहे आणि गेल्या वर्षीपासून आम्ही पाच डझनांची पेटी आमच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना विकतो. मार्चअखेरीस आमची जी जाहिरात चालू होती, तिचा क्लिक रेट १ टक्का होता आणि एका ऑर्डरीमागे ५०० रुपये खर्च येत होता. एप्रिलमध्ये एजन्सीने नवीन जाहिरात केली. तिचा क्लिक रेट २ टक्के आहे आणि एक क्लिक दहा रुपयांऐवजी पाच रुपयांना पडतो, पण ऑर्डरीमागचा खर्च ६२५ रुपये झाला आहे. क्लिक निम्म्या किमतीत मिळत असताना ऑर्डर महाग कशी होऊ शकते? एजन्सीचे म्हणणे आहे की आकडे सुधारले आहेत. हंगाम मेअखेर संपेल, त्यामुळे कृपया लवकर सांगा.

शोधजाहिरात

मी सात वर्षे गूगलच्या शोध जाहिराती हाताळतो. क्लिक रेट वाढला की गूगल जाहिरातीला देते तो क्वालिटी स्कोअर सुधारतो, तो सुधारला की क्लिक स्वस्त होतो आणि क्लिक स्वस्त झाला की ऑर्डरही स्वस्त होते. तुमच्या बाबतीत उलटे घडले, याचा अर्थ दोष जाहिरातीत नसून संकेतस्थळात आहे. पान किती वेळात उघडते ते आधी तपासा.

मोजमाप

पानाला दोष देण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. जाहिरात कोठे चालू आहे? दोन्ही वेळा खर्च किती केला आणि प्रत्यक्ष ऑर्डरी किती आल्या? दोन्ही जाहिरातींत नेमके काय लिहिले होते? मोहिमेचे उद्दिष्ट खरेदी हेच ठेवले होते की क्लिक मिळवणे हे होते?

देवगडची_बाग

जाहिरात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आहे. दोन्ही वेळा २०,००० रुपये खर्च झाले आणि दोन्ही वेळा जाहिरात साधारण दोन लाख वेळा दिसली. पहिल्या वेळी २,००० क्लिक आणि ४० ऑर्डरी आल्या, तर दुसऱ्या वेळी ४,००० क्लिक आणि ३२ ऑर्डरी आल्या. उद्दिष्ट दोन्ही वेळा खरेदी हेच होते. जुन्या जाहिरातीत पेटीचा फोटो आणि ३,५०० रुपये ही किंमत होती. नव्या जाहिरातीत झाडावरच्या फळाचा फोटो आहे आणि किंमत काढून टाकली आहे. पान तेच आहे, किंमतही तीच आहे.

मोजमाप

आता बोलता येईल. तुमच्या जाहिरातीचे पैसे ती दाखवण्यासाठी कापले जातात, क्लिकसाठी नाही. हजार वेळा दाखवण्याला तुम्हाला दोन्ही वेळा १०० रुपये पडले आहेत. ऑर्डरीमागचा खर्च CPA, हजार वेळा दाखवण्याचा खर्च CPM, क्लिक रेट CTR आणि क्लिक करणाऱ्यांपैकी ऑर्डर देणाऱ्यांचे प्रमाण, म्हणजे कन्व्हर्जन रेट, CVR धरला, तर अशा ठिकाणी त्यांचे नाते असे असते:

```
CPA = CPM / (1000 × CTR × CVR)
```

पहिल्या वेळी १ टक्का क्लिक रेट आणि २ टक्के कन्व्हर्जन रेट होता, म्हणजे एक लाख वेळा दिसल्यावर २० ऑर्डरी. दुसऱ्या वेळी २ टक्के आणि ०.८ टक्के, म्हणजे लाखामागे १६ ऑर्डरी. खर्च ठरतो तो या गुणाकारावरून. क्लिक रेट दुप्पट झाला तेव्हा कन्व्हर्जन रेट निम्म्यापर्यंत घसरला असता तरी तुमचे नुकसान झाले नसते. तो निम्म्याच्याही खाली गेला, म्हणून ६२५ रुपये झाले.

शोधजाहिरात यांनी जे सांगितले ते अर्धेच लागू पडते. गूगलच्या शोधात पैसे क्लिकचे जातात, त्यामुळे तिथे क्लिक रेट या हिशेबात थेट येत नाही. तो क्लिकच्या किमतीतून आडवाटेने येतो. आणि क्वालिटी स्कोअर हा निदानासाठी दाखवलेला आकडा आहे, कोणती जाहिरात दाखवायची हे ज्या लिलावात ठरते त्यात तो वापरला जात नाही, असे गूगल स्वतःच सांगते.

शोधजाहिरात

स्कोअर नसेल वापरला जात, पण अपेक्षित क्लिक रेट लिलावात विचारात घेतला जातो, हे तुम्हीही नाकारणार नाही. चांगल्या जाहिरातीचा क्लिक स्वस्त झालेला मी कित्येकदा पाहिला आहे.

मोजमाप

ते नाकारत नाही. मात्र नुसती उत्सुकता चाळवून आणलेल्या क्लिकचा परिणाम दोन्हीकडे वेगळा होतो, आणि ताईंना तोच समजणे गरजेचे आहे. समजा, ४० ग्राहक तसेच राहिले आणि केवळ बघायला येणारे २,००० जण वाढले. जिथे दाखवण्याचे पैसे आहेत तिथे कन्व्हर्जन रेट २ वरून १ टक्क्यावर येईल, पण ऑर्डरीमागचा खर्च ५०० रुपयेच राहील, कारण त्या बघ्यांसाठी तुम्ही जास्तीचे काही मोजलेले नाही. जिथे क्लिकमागे दहा रुपये मोजायचे असतात तिथे तेच २,००० जण २०,००० रुपये घेऊन जातील आणि ऑर्डर १,००० रुपयांना पडेल.

त्यामुळे किंमत काढल्यावर कन्व्हर्जन रेट घसरणे हे स्वाभाविक आहे. किंमत वाचून जे आधी जाहिरातीवरूनच परत फिरत, ते आता पानावर येऊन परत फिरतात. तेवढ्याने तुमचा खर्च वाढायला नको होता. प्रश्न असा आहे की आठ ग्राहक कमी कशामुळे झाले.

क्लासवाले_सर

आमच्या क्लासच्या जाहिरातीतही असेच झाले होते. फॉर्म भरणारे वाढले, एका फॉर्मचा खर्च १२० वरून ७० रुपयांवर आला, आम्ही आनंदात होतो, आणि महिनाअखेरीस प्रवेश मात्र पूर्वीपेक्षा कमी झाले. आम्ही फॉर्मलाच कन्व्हर्जन मानत होतो. तुम्हीही फॉर्म ठेवा आणि फोन करून ऑर्डर घ्या, असे मी सुचवेन.

मोजमाप

सर, त्यांच्याकडे पैसे भरून झालेली खरेदीच मोजली जाते, तेव्हा तुमची अडचण त्यांना नाही. फोनवर ऑर्डर घ्यायची झाली तर खर्चात माणसाचा पगारही धरावा लागेल.

वाशीचा_व्यापारी

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मार्चअखेरीस वाशीच्या बाजारात आवक कमी असते, म्हणून तुमची ३,५०० रुपयांची पेटी लोकांना योग्य वाटते. एप्रिल पुढे सरकतो तशी आवक वाढते, भाव उतरतात आणि तीच पेटी महाग वाटू लागते. तुम्ही किंमत तीच ठेवली आहे. जाहिरात जुनीच असती तरी पानावर आलेल्या लोकांपैकी घेणारे कमी झाले असते. शिवाय हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमची नोंदणी असेल तर ते पानावर ठळक दाखवा.

देवगडची_बाग

भावाचा मुद्दा आम्ही विचारातच घेतला नव्हता, धन्यवाद. मानांकनाची नोंदणी आहे, ते पानावर दाखवू. पण एजन्सी म्हणते की क्लिक पाच रुपयांत मिळतो हेच यश आहे. त्यांना काय उत्तर द्यावे?

मोजमाप

बाग, पेटी, पॅकिंग आणि वाहतूक यांचा खर्च वजा जाता एका पेटीत जाहिरातीसाठी किती रक्कम उरते?

देवगडची_बाग

साधारण ८०० रुपये.

मोजमाप

मग पहिल्या वीस हजारांनी तुम्हाला १२,००० रुपये मिळवून दिले आणि दुसऱ्या वीस हजारांनी ५,६००. एजन्सीला हे दोन आकडे दाखवा. आणि एक राहिले: दोन्ही जाहिराती त्याच भागात दाखवल्या होत्या का? अॅड्स मॅनेजरमध्ये Breakdown मधून Region निवडले की राज्यनिहाय आकडे दिसतात.

देवगडची_बाग

आत्ताच पाहिले. जुनी जाहिरात फक्त महाराष्ट्रात होती. नवीन जाहिरात एजन्सीने गुजरात आणि कर्नाटकातही दाखवली आहे, आणि हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते! आम्ही महाराष्ट्राबाहेर पेटी पाठवतच नाही. पिनकोड टाकला की पान तसे सांगते. महाराष्ट्रात १,३०,००० वेळा दिसली, १४,००० रुपये खर्च, २,३०० क्लिक आणि सगळ्या ३२ ऑर्डरी. बाहेर ७०,००० वेळा, ६,००० रुपये, १,७०० क्लिक आणि एकही ऑर्डर नाही.

मोजमाप

म्हणजे सहा हजार रुपये अशा लोकांना जाहिरात दाखवण्यात गेले, ज्यांनी ठरवले तरी त्यांना पेटी घेता आली नसती. एकूण क्लिक रेट फुगला तो काही अंशी त्यांच्यामुळेच, कारण बाहेर तो २.४ टक्के आहे. फक्त महाराष्ट्राचे बघितले तर क्लिक रेट १.७७, कन्व्हर्जन रेट १.३९, लाखामागे जवळपास २५ ऑर्डरी आणि ऑर्डरीमागे सुमारे ४३८ रुपये. नवीन जाहिरात जुनीपेक्षा सरस दिसते आहे. एकत्रित सरासरीने तुम्हाला याच्या नेमके उलट सांगितले होते.

शोधजाहिरात

मग मी सुरुवातीला म्हणालो तेच खरे ठरले: क्लिक रेट वाढला आणि ऑर्डर स्वस्त झाली.

संख्याशास्त्र_शिक्षिका

इतक्या लवकर खरे म्हणू नये. जुन्या जाहिरातीची ताकद तीच धरली तर १,३०,००० वेळा दिसल्यावर २६ ऑर्डरी अपेक्षित होत्या, आणि मिळाल्या ३२. एवढ्या लहान संख्येत पाच-सहांचा चढउतार आपोआपच होतो. कन्व्हर्जन रेट २ वरून १.३९ वर आलेला दिसतो, पण तोही याच ४० आणि ३२ ऑर्डरींवरून काढला आहे, त्यामुळे महाराष्ट्रात तो खरोखर घसरला याचीही पुरती खात्री देता येत नाही. ऑर्डर स्वस्त झाली, असेही या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, आणि पूर्वीच्या एकत्रित आकड्यांवरून ती महाग झाली असेही सिद्ध झाले नव्हते. त्यात वाशीच्या दादांनी सांगितलेला भावाचा फरक आहेच. मार्चची एप्रिलशी केलेली तुलना त्यामुळे शुद्ध राहत नाही.

मोजमाप

हे मान्य आहे. मी ‘दिसते आहे’ असे लिहिले होते, पण त्यावर जास्त भर दिला गेला.

क्लासवाले_सर

इतके मोजत बसण्यापेक्षा जुनीच जाहिरात परत लावावी. ती चालत होती.

संख्याशास्त्र_शिक्षिका

सर, ती मार्चमध्ये चालत होती. मेमध्ये चालेल का, हे तिला आज लावल्याशिवाय कळणार नाही, आणि एकटीच लावली तर नवीनशी तुलना करता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच राज्यात आणि सारख्या खर्चात लावाव्यात. खरे तर झाडावरच्या फळाच्या फोटोवर किंमत लिहून तीच एक दुसरी प्रत करावी, म्हणजे फरक फक्त किमतीचा राहील. आत्ता फोटो आणि किंमत दोन्ही बदलले आहेत, त्यामुळे कशाचा परिणाम झाला हे कोणालाही सांगता येणार नाही.

शोधजाहिरात

किंमत लिहिली की क्लिक रेट पडेल आणि दाखवण्याचा दरही वाढेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

मोजमाप

क्लिक रेट पडेल असे मलाही वाटते. दाखवण्याचा दर वाढेलच असे नाही, कारण उद्दिष्ट खरेदीचे असताना फेसबुकचा लिलाव क्लिकच्या नव्हे, खरेदीच्या अंदाजावर चालतो. पैज न लावता पाहू या.

देवगडची_बाग

एजन्सीला सांगून गुजरात आणि कर्नाटक बंद केले आहेत. उद्यापासून झाडाच्या फोटोच्या दोन प्रती, एक किमतीसह आणि एक किमतीशिवाय, प्रत्येकी रोज १,००० रुपयांनी महाराष्ट्रात सुरू होतील. दोन्हींचे लाखामागच्या ऑर्डरींचे आकडे दहा दिवसांनी इथे टाकते. तोपर्यंत पेटीची किंमत बदलायची नाही, असे ठरवले आहे, पण बाजारभाव फारच उतरला तर काय करावे, हे वाशीच्या दादांनी कृपया सांगावे.