अनुभव धागा: गेम ऐन रंगात आणि बोट कडेवरून सरकलं

चिवडाप्रेमी: काल भाचा 'गेम आपोआप बंद होतो' म्हणून फोन आपटत होता आणि मला माझी जुनी बुद्धिबळाची हार आठवली. उभ्या फोनवर पट अगदी कडेपर्यंत असतो. डावा हत्ती a1 वरून ओढायला गेलो की फोनला वाटतं 'मागे जा'. जिंकत आलेला डाव, घड्याळ चालू, आणि मी बाहेर! तुमचंही असं झालंय का?

साळुंकी: झालंय!! माझं कँडी फोडताना. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

अण्णा_ठाणेकर: स्क्रीनगार्ड बदला. माझं त्यानेच थांबलं.

प्यादं_पुढे: अण्णा, गार्डचा संबंध नसावा. अँड्रॉइड १० पासून जेश्चर चालू असलं की डाव्या-उजव्या दोन्ही कडांवरून आत सरकवलं की 'मागे' होतं. Settings मध्ये वर navigation शोधा. तिथे Gesture navigation च्या सेटिंगमध्ये Back sensitivity आहे, डाव्या-उजव्या कडेला वेगळी पट्टी. डावी कमी करा. पण कमी म्हणजे बंद नव्हे, अगदी काठावरून ओढलं तर अजूनही लागतं. मी तर सोंगटी ओढतच नाही. आधी हत्तीवर टिचकी, मग घरावर. बोट सरकतच नाही, तर मागे कसं जाईल?

गोट्या७: एवढं कशाला, तीन बटणं लावा, विषय संपला.

प्यादं_पुढे: कडेचा विषय संपतो, खरंय. पण फुल स्क्रीन गेममध्ये बटणं लपलेली असतात. कडेवरून सरकवलं की ती वर येतात, आणि आडव्या फोनवर बहुधा अंगठ्याखालीच. भाचा कुठला गेम खेळतो, आडवा का?

चिवडाप्रेमी: आडवा, गोळीबाराचा. डाव्या अंगठ्याने पळतो.

प्यादं_पुढे: मग जॉयस्टिक कडेला चिकटलेला असणार. गेमच्या कंट्रोल्समध्ये तो बोटभर आत सरकवता येतो का बघा. आणि जेश्चर असेल तर एकदा सरकवल्यावर नुसती जेश्चरची रेघ दिसते की थेट बाहेर पडतो, तेही बघा. नुसती रेघ दिसली तर बाहेर पडायला दुसरा स्वाइप लागतो, म्हणजे गेमने थोडी काळजी घेतलीय.

मीनल_क: आयफोनवाल्यांनी Accessibility मध्ये Guided Access चालू करा. गेम उघडून बाजूचं बटण तीनदा दाबायचं. घरी जायचा स्वाइपच बंद. लेकाला फोन देताना मी हेच करते. फक्त पासकोड लक्षात ठेवा, बाहेर पडायला लागतो.

साळुंकी: आले. मीनल, लेक केवढा झाला गं? सुट्टीत येताय ना इकडे?

गोट्या७: सासऱ्यांना बटणं लावून दिली. आता म्हणतात 'फोन जुना केलास'. 😂

अण्णा_ठाणेकर: पण माझं गार्डनेच थांबलं हो.

चिवडाप्रेमी: भाच्याची डावी पट्टी कमी केली. आता म्हणतो उजवीकडून बाहेर पडतोय, निशाणा साधताना.