मदत हवी आहे: भांडण नाही, पण गप्पाही उरल्या नाहीत

जाईजुई_फोंडा:
लग्नाला 8 वर्षं झाली, मुलगी 5 वर्षांची. राहतो फोंड्याजवळ. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात, पाळ्या दर आठवड्याला बदलतात. माझी नोकरी पणजीत, सकाळी सव्वाआठची बस.

सुरुवातीला सोमवारी मंगेशीच्या पालखीला जायचो. येताना तो देवळाबाहेरून जायांची वेणी घ्यायचा आणि घरी येईपर्यंत आमचं बोलणं संपायचं नाही. आता दिवसभरात होणारी वाक्यं मी मोजून सांगू शकते: गॅस बुक केला का, फी भरली का, पोदेराचे पावाचे पैसे दिले का. तो माणूस चांगला आहे. मुलीचं सगळं करतो, आवाज चढवत नाही. तरीही रात्री शेजारी झोपलेला असताना मला एकटं वाटतं.

मोठी सहल, महाग भेट असलं काही नको आहे. रोजच्या धावपळीत बसेल असं काय करता येईल? कुणी केलं असेल तर नेमकं सांगा.

माडाखाली:
ताई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. त्यांचं बाहेर काही चालू आहे का? फोन लपवतात का?

जाईजुई_फोंडा:
नाही हो. फोन टेबलावर उघडा पडलेला असतो. प्रश्न तो नाही.

दोनपावले:
मला वाटतं नवं काहीतरी करायला हवं. मुलीला आजीकडे ठेवा आणि दोन दिवस काणकोणला जा. आम्ही गेलो होतो, परत आल्यावर आठवडाभर घर वेगळंच वाटत होतं.

तारवटीची_बायको:
माझी गोष्ट उलटी आहे. नवरा बोटीवर, सलग सात-आठ महिने नसतो. येतो तेव्हा पहिले पंधरा दिवस सण असतो, मग आम्ही दोघं एकमेकांच्या पायात पायात येतो. माझं घड्याळ मी लावलेलं असतं, त्याला त्यात जागाच नसते. तुमच्याकडे माणूस रोज आहे, तरी तेच होतं हे वाचून नवल वाटलं.

सोप्यावरून:
मी मडगावात 19 वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करते. दोनपावले म्हणतात ते अर्धं खरं आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडप्याचे हातपाय एकमेकांना बांधून त्यांना सात मिनिटं गादीवरून रांगत न्यायला लावलं. सरळसोट, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा ही जोडपी नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी दिसली. म्हणजे नवेपणा कामाला येतो, आणि त्याला हॉटेल लागत नाही. पण सहलीचा परिणाम आठवडाभरात ओसरला, हे तुम्हीच लिहिलंय.

जाईजुई, तुम्ही फक्त घरातल्या ‘हाका’ बघा. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलमध्ये नवविवाहित जोडप्यांचं घरगुती वागणं चित्रित केलं होतं. एकजण म्हणतो, “बघ, कसला पाऊस येतोय.” हे पावसाबद्दल नसतं, ती हाक असते. दुसरा वर बघतो, किंवा ‘हं’ म्हणतो, किंवा चिडतो. सहा वर्षांनी ज्यांचं लग्न टिकलं होतं, त्यांनी त्या वेळी 100 पैकी साधारण 86 हाकांना प्रतिसाद दिला होता. ज्यांचं मोडलं, त्यांनी 33. उत्तर दिल्यामुळेच लग्न टिकलं असं यातून सिद्ध होत नाही, मुळात आनंदी माणसं जास्त उत्तरं देत असतील. पण प्रेम आटताना पहिल्यांदा कुठे दिसतं, ते यातून कळतं.

आठवडाभर नवऱ्याला न सांगता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करा. त्यानं काही म्हटलं आणि तुम्ही मान वर करून उत्तर दिलं तर उभी रेघ, नुसतं ‘हं’ गेलं तर आडवी. आधी स्वतःच्याच रेघा मोजा.

जाईजुई_फोंडा:
मोजल्या. सात दिवसांत त्याच्या 26 हाका, मी नीट उत्तर दिलेल्या 8. मला रडू आलं. मला वाटत होतं तो बोलतच नाही. “पोदेर आज उशिरा आला”, “शेजाऱ्यांचा फणस पडला”, “मशीन पुन्हा बंद पडलं”. हे सगळं तो मलाच सांगत होता आणि मी डबा भरत होते.

सोप्यावरून:
रडू आलं ते समजू शकते, पण पुढचा आठवडा अपराधीपणात घालवू नका. एक ठरावीक वेळ धरा, जी घरात आधीच आहे. नवी वेळ शोधायला गेलात तर ती चार दिवसांत मोडेल.

जाईजुई_फोंडा:
संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजतो. सकाळची पाळी असली की तो तोवर घरी आलेला असतो, मीही पोचते. गरम उंडे आणि चहा घेऊन सोप्यावर बसायचं, दहा मिनिटं, फोन आत. फी, गॅस, हप्ता हे विषय तिथे काढायचे नाहीत. सुरू केलंय.

(बारा दिवसांनी)

जाईजुई_फोंडा:
पहिले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी मी विचारलं, “आज काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही.” मी पुन्हा विचारलं तर उठून मोटरसायकल पुसायला गेला. माझं काय चुकलं?

सोप्यावरून:
“काय झालं” हा प्रश्न साहेब विचारतात. त्याला दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. त्यानं जे आपणहून टाकलं असेल, तेच उचला. मशीन बंद पडलं म्हणाला तर “मग सुरू कुणी केलं?” एवढंच. उपाय सुचवू नका. आणि गप्प बसला तर गप्प बसा, उंडा खा. ती दहा मिनिटंही मोजण्यात धरा.

जाईजुई_फोंडा:
तसं केलं. मशीनच्या प्रश्नावर तो वीस मिनिटं बोलला, म्हाताऱ्या फिटरबद्दल. तो फिटर यंत्राला कान लावून बिघाड ओळखतो. आठ वर्षांत मला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं.

पण माझ्या हाका त्याला अजून ऐकू येत नाहीत. मी ऑफिसातलं काही सांगितलं तर तो मुलीकडे बघत राहतो. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी तो झोपलेला असतो, सोपा रिकामाच.

दोनपावले:
झोपेतून उठवा, दहा मिनिटांनी काय होतं?

सोप्यावरून:
नको. रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडून जवळीक येत नाही. त्या आठवड्यात तो निघण्याआधी, बूट घालताना दाराशी दोन मिनिटं उभ्या राहा.

पहिली गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. तीन आठवडे तुम्ही एकट्याच ओढताय. एकाच बाजूनं झालं तर महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या मनात राग साचेल, आणि तोच चहा कडू लागेल. त्याला सांगा, तक्रार म्हणून नाही, नेमकं मागणं म्हणून: “मी ऑफिसचं सांगते तेव्हा माझ्याकडे बघ.” एवढं एकच. तरीही तो कशातच रमत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर हा विषय चहाचा राहत नाही. मग डॉक्टरांना दाखवा.

तारवटीची_बायको:
मी बोटीवरच्या नवऱ्याला रोज एक आवाजी निरोप पाठवायला लागले, घरातल्या आवाजांसकट. काल त्यानं लिहिलं, कुकरची शिट्टी ऐकून भूक लागली. तेवढ्यावर आमचा अर्धा तास गेला.

जाईजुई_फोंडा:
जेवण-झोप ठीक आहे त्याची. काल रात्री निघताना दाराशी उभी राहिले. मागणं बोलून दाखवायचा धीर झाला नाही. तो बूट बांधत म्हणाला, “पुढच्या सोमवारी माझी सुट्टी आहे, पालखीला जाऊया?” मी हो म्हटलं. बाकीचं तिथे, परतीच्या वाटेवर सांगेन म्हणते. मुलीला बरोबर न्यायचं की आजीकडे ठेवायचं, एवढं अजून ठरत नाही. ती बरोबर असली की तो तिच्याकडेच बघत राहणार.